घड्याळातली वेळ आणि निकालातली वेळ

ऑगस्ट २०२१. जपानमधल्या इझु इथल्या बंदिस्त सायकल ट्रॅकवर टोकियो पॅरालिम्पिकची महिलांची ५०० मीटर टाइम ट्रायल चालू होती. या प्रकारात ट्रॅकवर एका वेळी एकच सायकलस्वार असते. ती थांबलेल्या अवस्थेतून सुटते, ५०० मीटर जीव तोडून सायकल मारते आणि घड्याळ थांबतं. नेदरलँड्सच्या कॅरोलिन ग्रूटने हे अंतर ३५.५९९ सेकंदांत कापलं. कॅनडाच्या केट ओब्रायनला साधारण ३५.८३ सेकंद लागले, म्हणजे ग्रूटपेक्षा जवळपास पाव सेकंद जास्त. पदकं देताना मात्र ओब्रायनच्या गळ्यात रौप्य पडलं आणि ग्रूटच्या गळ्यात कांस्य.

टीव्हीवर हे पाहणाऱ्याला पंचांची चूक झाली असं वाटलं, तर त्याला दोष देता येणार नाही. पण चूक झालेली नव्हती. ओब्रायनची वेळ ०.९८९१ ने गुणली गेली आणि निकालपत्रावर ३५.४३९ अशी लागली. ग्रूटची वेळ १ ने गुणली गेली, म्हणजे होती तशीच राहिली. पॅरा-खेळांत वेगवेगळ्या शारीरिक मर्यादा असलेले खेळाडू एकाच यादीत बसवायचे असतील, तर त्यांच्या कामगिरीला असा गुणक लावतात. खेळाडू आणि प्रशिक्षक त्याला सरळ फॅक्टर म्हणतात. हा आकडा कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि तो कुठे घसरतो, हे कळल्याशिवाय पॅरालिम्पिकचे कितीतरी निकाल वाचताच येत नाहीत.

मुळात वेगवेगळ्या गटांना एकत्र आणतात कशासाठी? पॅरा-सायकलिंगमध्ये साधी दोन चाकी सायकल चालवणाऱ्यांचे पाच वर्ग आहेत, सी-१ ते सी-५. सी-१ मध्ये शारीरिक मर्यादा सर्वांत जास्त, सी-५ मध्ये सर्वांत कमी. वर्ग ठरवताना वर्गीकरण करणारे तज्ज्ञ स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, अवयवाची लांबी आणि हालचालींवरचा ताबा तपासतात, मग खेळाडूला प्रत्यक्ष स्पर्धेतही पाहतात. पाच वर्ग, स्त्रिया आणि पुरुष वेगळे, त्यात अंतरं निरनिराळी. प्रत्येकाची स्वतंत्र शर्यत ठेवली तर कितीतरी शर्यतींत चार-पाचच खेळाडू उरतील आणि त्यातल्या तिघांना पदकं मिळतील. त्या पदकांना वजन राहणार नाही. पॅरालिम्पिकमध्ये एकूण खेळाडू आणि एकूण पदकप्रकार यांच्यावर मर्यादा असते, त्यामुळे असले प्रकार लवकरच यादीतून वगळले जातात. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यांना एकत्र सोडायचं आणि जो पहिला येईल तो जिंकला म्हणायचं. तसं केलं तर सी-१ च्या खेळाडूला घरीच बसावं लागेल. या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे गुणक. म्हणून ट्रॅकवरच्या टाइम ट्रायलमध्ये सी-१, सी-२ आणि सी-३ एकत्र धावतात, सी-४ आणि सी-५ एकत्र. प्रत्येक जोडणीत कमी मर्यादा असलेल्या वर्गाचा गुणक १०० टक्के असतो, बाकीच्यांचा त्याहून कमी.

आता इझुचा तोच निकाल जरा जवळून पाहू. सुवर्ण ब्रिटनच्या कदीना कॉक्सने जिंकलं. तीही ओब्रायनसारखीच सी-४ ची. तिची घड्याळातली वेळ ३४.८१२, गुणक लावल्यावर ३४.४३३. गुणक नसता तरीही ती पहिलीच आली असती, तेव्हा तिच्याबद्दल वाद नाही. खरा प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेचा आहे. गुणक ९८.९१ ऐवजी कितीपर्यंत वर गेला असता तर ग्रूट दुसरी आली असती? ग्रूटच्या वेळेला ओब्रायनच्या वेळेने भागलं की ०.९९३५ येतं. म्हणजे तक्त्यात ९९.३६ असा आकडा असता तर रौप्य आणि कांस्य यांची अदलाबदल झाली असती. दोन आकड्यांत अर्ध्या टक्क्याचंही अंतर नाही.

त्याच ट्रॅकवर पुरुषांच्या सी-४ आणि सी-५ गटाची एक किलोमीटरची शर्यत झाली. स्पेनचा अल्फोन्सो काबेयो सी-५ चा, जन्मापासून त्याला डाव्या हाताचा पुढचा भाग नाही. ब्रिटनचा जोडी कंडी सी-४ चा, उजव्या पायाला गुडघ्याखाली कृत्रिम पाय. काबेयोची वेळ एक मिनिट १.५५७ सेकंद. कंडीची एक मिनिट २.५२९ सेकंद. त्याच ०.९८९१ ने गुणल्यावर ती एक मिनिट १.८४७ झाली. जवळपास एका सेकंदाचं अंतर तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आलं, पण मिटलं नाही. सुवर्ण काबेयोला, रौप्य कंडीला. कंडीला पहिलं यायचं असतं तर गुणक ९८.४४ च्या आसपास असावा लागला असता. एकच आकडा, त्याने एका शर्यतीत क्रम उलटवला आणि दुसऱ्या शर्यतीत तसाच ठेवला.

शेकडा एक टक्का म्हणजे ती काय सवलत, असं कुणाला वाटेल. इथे सायकलिंगचं भौतिकशास्त्र थोडं समजून घ्यायला हवं, कारण त्याशिवाय हे आकडे फसवे वाटतात. ट्रॅकवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवेचा रोध कापण्यात खर्च होते आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग एक टक्का वाढवायचा तर पायांतून साधारण तीन टक्के जास्त शक्ती काढावी लागते. उलट बाजूने पाहा. सी-४ चा गुणक ०.९८९१. त्याचा घन केला की ०.९६८ येतो. म्हणजे तक्ता असं गृहीत धरतो की सी-४ चा उत्तम सायकलस्वार सी-५ च्या तोडीच्या सायकलस्वारापेक्षा सुमारे तीन टक्के कमी शक्ती लावू शकतो. टोकियोत पुरुषांच्या सी-१ ते सी-३ गटाच्या एक किलोमीटरमध्ये चीनच्या ली झांगयूने सुवर्ण जिंकलं. तो सी-१ चा. त्याची घड्याळातली वेळ एक मिनिट ८.३४७ सेकंद, निकालातली एक मिनिट ३.८७७ सेकंद. भागाकार केला तर गुणक ०.९३४६ निघतो. वेळेत साडेसहा टक्के, पण शक्तीच्या भाषेत ती तफावत सुमारे अठरा टक्क्यांची होते. जिथे सवलत किरकोळ दिसते, तिथे शरीराच्या पातळीवर मोठा फरक दडलेला असतो.

हे गणित तंतोतंत नाही, हेही सांगायला हवं. थांबलेल्या सायकलला वेग देताना हवेपेक्षा वजन आणि पहिला जोर महत्त्वाचा ठरतो. ५०० मीटरमध्ये त्या पहिल्या जोराचा वाटा एक किलोमीटरपेक्षा मोठा. ज्याला एका पायाने पेडल जोरात दाबता येत नाही त्याचं नुकसान सुरुवातीलाच जास्त होतं, आणि जिला एका हाताने हँडल नीट ओढता येत नाही तिचंही. तरीही टोकियोत महिलांच्या ५०० मीटरला आणि पुरुषांच्या एक किलोमीटरला सी-४ चा गुणक एकच लागला. ही मला या तक्त्याची खरी कमजोरी वाटते. मर्यादा कुठल्या अवयवात आहे आणि शर्यत कुठल्या लांबीची आहे यांचा एकमेकांशी संबंध असतो. एका आकड्यात तो मावत नाही.

त्याहून मोठी गोष्ट वर्गाच्या आत दडलेली आहे. कंडीला गुडघ्याखाली पाय नाही. ओब्रायन २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये धडधाकट खेळाडू म्हणून कॅनडाकडून सायकलिंग करत होती. २०१७ मध्ये ट्रॅकवरच्या अपघातात तिच्या मेंदूला जबर इजा झाली. कॉक्सला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. या आजारात लक्षणं दिवसागणिक, अगदी उकाड्याप्रमाणेही बदलतात. तिघंही सी-४ चे, त्यामुळे तिघांना एकच गुणक. तो वर्गाला लागतो, माणसाला नाही. तुमची मर्यादा वर्गाच्या वरच्या काठावर आहे की खालच्या, हे गणकयंत्राला माहीत नसतं. वर्गीकरणाची पायरी जर चुकली, तर गुणक कितीही अचूक असला तरी निकाल चुकतो. खेळाडू फॅक्टरपेक्षा वर्गावर जास्त भांडतात ते यामुळेच.

मग ०.९८९१ हा आकडा येतो कुठून? कुठल्याही प्रयोगशाळेत सी-४ च्या शरीराचं मोजमाप करून तो काढलेला नसतो. अशी बहुतेक कोष्टकं मागच्या निकालांवरून बनतात. प्रत्येक वर्गातले उत्तम खेळाडू काही वर्षांत काय वेळा देतात ते पाहायचं, वर्गांच्या उत्तम वेळांमधलं अंतर काढायचं आणि ते अंतर गुणकाने मिटवायचं. कल्पना सरळ आहे: दोन वर्गांतले तितकेच हुशार, तितकीच मेहनत घेणारे खेळाडू असतील तर उरलेलं अंतर मर्यादेमुळे पडतं.

अडचण त्या ‘तितकेच’ मध्ये आहे. महिलांच्या सी-१ वर्गात जगभरातून फार थोड्या खेळाडू येतात. जिथे स्पर्धक कमी तिथे उत्तम वेळही तितकी उत्तम नसते. त्या वेळेतला काही भाग मर्यादेमुळे असतो, काही भाग गर्दी नसल्यामुळे. निकालांवरून काढलेला गुणक हे दोन भाग वेगळे करू शकत नाही. तो सगळं अंतर मर्यादेच्या खात्यावर टाकतो आणि त्या वर्गाला थोडी जास्तच सवलत देतो. नंतर त्या वर्गात एखादी खरी दमदार खेळाडू आली की ती जास्तीची सवलत थेट तिच्या पदकात जमा होते.

याच्या उलटही होतं, आणि ते मला जास्त अन्यायाचं वाटतं. एखाद्या वर्गात एकच असामान्य खेळाडू निघाली, तिने विक्रमांवर विक्रम केले, की पुढच्या तक्त्यात त्या वर्गाची उत्तम वेळ वर सरकते. तो वर्ग आता फारसा मागे नाही असा निष्कर्ष निघतो आणि गुणक १०० टक्क्यांच्या जवळ जातो. शिक्षा तिच्या वर्गातल्या बाकीच्या साऱ्या जणींना होते, कारण त्यांच्या शरीरात तर काहीच बदललेलं नसतं. कॉक्स आणि ओब्रायन यांच्या वेळा घेऊन सी-४ चा गुणक काढायचा म्हटलं, तर कृत्रिम पाय लावून सायकल मारणाऱ्या एखाद्या साध्या सी-४ खेळाडूचा गुणक कमी सवलतीचा होईल. म्हणून जाणकार एका विक्रमावर कोष्टक बांधायला विरोध करतात. विक्रमाऐवजी पहिल्या काही जणांची सरासरी, एका वर्षाऐवजी चार-पाच वर्षं, एका स्पर्धेऐवजी अनेक स्पर्धा, असा आधार घेतला की एका व्यक्तीचं वजन घटतं. आधार जितका रुंद, तितका आकडा स्थिर. पण ज्या वर्गात एकूण खेळाडूच पाच-सात, तिथे रुंद आधार आणायचा कुठून, हा प्रश्न उरतोच.

निकालांवर आधारलेली कोष्टकं कशी बिनसतात याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण ट्रॅकवरचं नाही, मैदानावरचं आहे. लंडन २०१२, महिलांची थाळीफेक, एफ-३५ आणि एफ-३६ एकत्र. युक्रेनची मारिया पोमाझान एफ-३५ ची. तिने ३०.१२ मीटर फेक केली, तिच्या वर्गाचा जागतिक विक्रम. चीनची वू छिंग एफ-३६ ची. तिची फेक २८.०१ मीटर, तिच्या वर्गाचा विक्रम. फेकीच्या खेळांत तेव्हा अंतराला नुसता गुणक लावत नसत. राझा नावाची गुणपद्धत होती. तिच्यात प्रत्येक वर्गासाठी एक वक्र रेषा असते. फेक लांबत गेली की आधी गुण हळू वाढतात, मग झपाट्याने आणि विक्रमाच्या पलीकडे पुन्हा हळूहळू सपाट होत १२०० या कमाल गुणांकडे झुकतात. विक्रमाच्या आसपास दहा सेंटिमीटर वाढवणं नवख्याच्या दहा सेंटिमीटरपेक्षा कितीतरी कठीण असतं, हा त्यामागचा विचार. रेषेचा आकार त्या वर्गाच्या आधीच्या कामगिऱ्यांवरून ठरतो.

आधी पोमाझानला सुवर्ण जाहीर झालं आणि समारंभात पदकही दिलं गेलं. नंतर लक्षात आलं की गुण काढताना चुकीची आकडेवारी वापरली गेली होती. पुन्हा हिशेब झाला, सुवर्ण वू छिंगकडे गेलं आणि पोमाझान रौप्यावर आली. युक्रेनने हरकत घेतली. पोमाझानची बाजू कुणालाही समजेल अशी होती: थाळी माझी दोन मीटर पुढे पडली, पदक माझ्या गळ्यात घातलं आणि आता परत मागताय?

या प्रकरणात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. एक म्हणजे जुन्या-नव्या आकडेवारीची चूक. ती माणसांची चूक, तिचं समर्थन नाही. दुसरी गोष्ट अशी, की योग्य आकडेवारी वापरली तरी ३०.१२ पेक्षा २८.०१ ला जास्त गुण मिळाले. हे वरवर विचित्र वाटतं, कारण क्रमांकावरून एफ-३५ ची मर्यादा जास्त असावी असं आपण समजतो. पण या दोन वर्गांत क्रमांक हा तीव्रतेचा जिना नाही. दोन्ही वर्ग सेरेब्रल पाल्सीसारख्या मेंदूच्या स्थितींचे. एफ-३५ मध्ये ताठरपणा मुख्यतः पायांत असतो, हात बऱ्यापैकी मोकळे. एफ-३६ मध्ये चारही अवयवांत हालचालींवरचा ताबा कमी, अनैच्छिक हालचाली किंवा तोल जाणं. थाळी हाताने, पण ताब्याने फेकायची असते. त्यामुळे एफ-३६ च्या बायकांच्या फेकी आधीपासूनच तोकड्या होत्या आणि त्यांची रेषा खालच्या अंतरांवर बेतलेली होती. तक्त्याच्या दृष्टीने वू छिंगचे २८ मीटर तिच्या वर्गाच्या इतिहासापेक्षा जास्त पुढे होते.

इथे तक्ता चूक होता असं मी म्हणणार नाही. मात्र मैदानात बसलेल्या हजारो माणसांना आणि खुद्द दोन्ही खेळाडूंना कोण जिंकतंय ते शेवटपर्यंत कळत नव्हतं, आणि कळलं तेही चुकीचं कळलं. खेळ डोळ्यांनी पाहायचा असतो. फेक कुठे पडली ते दिसतं, वक्र रेषा दिसत नाही.

बर्फावरच्या खेळांनी या अडचणीवर एक सुंदर उत्तर शोधलेलं आहे. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये बसून स्की करणाऱ्यांचे वर्ग एलडब्ल्यू-१० ते एलडब्ल्यू-१२. एलडब्ल्यू-१२ च्या खेळाडूचं धड पूर्ण ताकदीचं असतं, उदाहरणार्थ पाय गमावलेला पण पोट-पाठ मजबूत असलेला खेळाडू. एलडब्ल्यू-१० च्या खेळाडूला पोट आणि कंबरेचे स्नायू जवळजवळ वापरता येत नाहीत. पट्ट्यांनी बांधलेल्या बैठकीत केवळ खांदे-दंडांच्या जोरावर काठ्या मारत तो चढ चढतो. एलडब्ल्यू-१२ चा गुणक १००, एलडब्ल्यू-१० चा ८६. लांब अंतरांत वेळेला गुणक लावून निकाल काढतात. स्प्रिंटच्या अंतिम फेरीत मात्र गुणक सुटण्याच्या रेषेवरच वापरून टाकतात.

समजा एलडब्ल्यू-१२ च्या खेळाडूला हा मार्ग तीन मिनिटांत, म्हणजे १८० सेकंदांत पार होईल असा अंदाज आहे. त्याच्या बरोबरीचा एलडब्ल्यू-१० चा खेळाडू १८० भागिले ०.८६, म्हणजे सुमारे २०९ सेकंद घेईल. मग त्याला २९ सेकंद आधी सोडायचं. मधल्या वर्गांना मधल्या अंतराने. आता रेषेवर जो पहिला पोहोचेल तो जिंकला. पुढच्या खेळाडूला मागून येणाऱ्याचा आवाज ऐकू येतो, मागच्याला पुढची पाठ दिसते आणि प्रेक्षकांना निकाल डोळ्यांसमोर लागताना दिसतो. अंदाज १८० ऐवजी १९५ सेकंद निघाला, बर्फ ओला होऊन शर्यत मंदावली, तर सुरुवातीचं अंतर कमी पडतं आणि आधी सुटलेल्याचं नुकसान होतं. मोजायची चूक होण्याची जागा फक्त बदलते, जात नाही. तरीही माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे, कारण चूक कुठे झाली ते सगळ्यांना दिसतं.

बर्फाच्या खेळांची आणखी एक गोष्ट सायकलिंगने घ्यावी अशी आहे. उभं राहून स्की करणाऱ्यांसाठी क्लासिक पद्धतीला वेगळे गुणक आहेत आणि स्केटिंग पद्धतीला वेगळे, कारण एक हात नसलेल्याचं आणि एक पाय नसलेल्याचं नुकसान या दोन पद्धतींत सारखं नसतं. डोंगरउतारावरच्या अल्पाइन स्कीइंगमध्येही स्लॅलमचे आणि वेगाच्या उताराचे गुणक वेगळे असतात. मर्यादेचा परिणाम त्या विशिष्ट हालचालीवर किती, हा प्रश्न तिथे आकड्यात शिरलेला आहे.

गुणक लावताच येत नाही अशाही जागा आहेत. रस्त्यावरची सायकल शर्यत घ्या. तिथे सगळे एकदम सुटतात. पुढच्याच्या पाठीमागे चाकाला चाक लावून राहिलं की हवेचा रोध घटतो आणि बरीच शक्ती वाचते. सी-२ ची खेळाडू सी-३ च्या गटात टिकून राहिली तर तिची वेळ तिच्या एकटीच्या ताकदीची उरत नाही. तिला गुणक लावला तर दुहेरी फायदा, आणि ती गटातून सुटून मागे पडली तर एकटीने वारा कापल्यामुळे दुहेरी तोटा. म्हणून महिलांच्या सी-१ ते सी-३ रस्ता शर्यतीत जी पहिली येईल ती जिंकते, वर्ग कुठलाही असो.

हा फरक आपल्याकडच्या एका खेळाडूने पॅरिसमध्ये प्रत्यक्ष अनुभवला. भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगमध्ये उतरली. तिचा वर्ग सी-२. ट्रॅकवरच्या ५०० मीटरमध्ये तिची वेळ गुणकातून गेली, कारण तिथे ती एकटीच ट्रॅकवर होती. रस्ता शर्यतीत मात्र सी-३ च्या खेळाडूंबरोबर, कुठलीही सवलत न घेता, ती त्याच रेषेवरून सुटली. एकाच खेळाडूला, एकाच स्पर्धेत, काही दिवसांच्या अंतराने दोन वेगळ्या न्यायांना सामोरं जावं लागतं. रस्त्यावरचा तो न्याय मला सी-१ आणि सी-२ वाल्यांसाठी कडक वाटतो. त्यांच्यासाठी वेगळी रस्ता शर्यत हवी. खेळाडू पुरेसे नाहीत या कारणाने ती होत नाही, आणि शर्यत नाही म्हणून नवे खेळाडू या वर्गांकडे वळत नाहीत.

मग एखाद्या तक्त्याचा आकडा बरोबर आहे की नाही, हे बाहेरून कसं ओळखायचं? एका निकालावरून कधीच नाही. एकत्र केलेल्या शर्यतीत लागोपाठच्या काही मोठ्या स्पर्धांत कुठल्या वर्गाला किती पदकं गेली ते मांडायचं. सगळी एकाच वर्गाकडे जात असतील तर गुणक त्याच्याकडे झुकलेला असण्याची शक्यता मोठी. पण पदकं थोडी आणि नावं तीच-तीच असतात, म्हणून पहिले आठ-दहा क्रमांक पाहणं बरं. अंतिम फेरीच्या मधल्या जागांवर दोन्ही वर्गांचे खेळाडू मिसळलेले दिसले तर आकडा बहुधा ठीक. शिवाय तोच खेळाडू वर्ग न बदलता वर्षानुवर्षं तशाच वेळा देत असताना तक्ता बदलल्यावर त्याचा क्रम उडी मारत असेल, तर तिथे शंका घ्यायला जागा आहे.

महिलांच्या सी-४ आणि सी-५ च्या ५०० मीटरला ही कसोटी लावून पाहू. टोकियोत सुवर्ण आणि रौप्य सी-४ कडे, कांस्य सी-५ कडे गेलं होतं. पॅरिसमध्ये ग्रूटने सुवर्ण जिंकलं, फ्रान्सच्या मारी पातुइएने रौप्य, दोघी सी-५ च्या. ओब्रायनला कांस्य मिळालं. दोन पॅरालिम्पिक मिळून सहा पदकं, तीन सी-४ ला, तीन सी-५ ला. कागदावर यापेक्षा समतोल निकाल मिळणं कठीण. पण टोकियोची विजेती कॉक्स पॅरिसच्या अंतिम फेरीत सुटताच पडली आणि तिची वेळच नोंदली गेली नाही. ती उभी राहिली असती तर हा हिशेब चार-दोन झाला असता का, हे सहा पदकांवरून सांगता येत नाही. त्यासाठी मधल्या सगळ्या जागतिक स्पर्धांच्या वेळा, प्रत्येक वर्गातल्या पहिल्या आठ-दहा जणींच्या, एका खाली एक मांडाव्या लागतात.